कन्व्हर्जन रेट म्हणजे नक्की कशाचे टक्के?

पाऊलवाट: एका जाहिरातीच्या रिपोर्टात क्लिक थ्रू रेट 2 टक्के आणि कन्व्हर्जन रेट 3 टक्के लिहिलाय. म्हणजे जाहिरात 1 लाख वेळा दिसली तर 3000 जणांनी खरेदी केली असा अर्थ घ्यायचा का?

निरंजन_१: नाही, ते 3 टक्के क्लिकचे आहेत, दिसण्याचे नाहीत. 1 लाखाचे 2 टक्के म्हणजे 2000 क्लिक, त्याचे 3 टक्के म्हणजे 60 खरेद्या. प्रत्येक टप्प्याचा टक्का आधीच्या टप्प्यात जे उरले त्यांच्यावर काढतात, म्हणून गुणाकार करायचा, 0.02 गुणिले 0.03, म्हणजे जाहिरात दिसण्यापासून खरेदीपर्यंतच्या अख्ख्या फनेलचा आकडा 0.06 टक्के.

शिंपला: बरोबर आणि तो 3 टक्केसुद्धा फोडता येतो, समजा क्लिक केलेल्यांपैकी 10 टक्के लोक कार्टमधे वस्तू टाकतात आणि त्यातले 30 टक्के पैसे भरतात. आता गुणाकारच असल्यामुळे कुठलाही टप्पा 1 टक्क्याने वाढवा, फरक सारखाच पडतो.

निरंजन_१: अर्धंच बरोबर आहे. कुठलाही टप्पा दीडपट केला तर परिणाम सारखा, हे खरं. पण "1 टक्क्याने वाढला" म्हणून 2 चे 3 झाले तर ती दीडपट झाली, खरेद्या 60 च्या 90. तेच पैसे भरणारे 30 चे 31 टक्के झाले तर 60 च्या फक्त 62. म्हणून बोलताना "2 वरून 3 वर गेला" असं सरळ म्हणावं, "1 टक्क्याने" म्हटलं की ऐकणारा काय समजेल सांगता येत नाही.

मेघना: आमच्याकडे नेमका हाच घोळ झाला होता. जाहिरातीवर "मोफत" शब्द मोठा टाकला, क्लिक थ्रू रेट वाढला म्हणून सगळे खूश, पण विक्री कमी आणि खर्च जास्त, कारण पैसे क्लिकमागे जात होते.

निरंजन_१: कारण पुढचे टक्के जागेवर राहत नाहीत ना! 90 चा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा नवे क्लिक करणारेही जुन्यांइतकेच घेणारे असतील. "मोफत" बघून आलेले बहुतेक तसेच परत जातात. वरच्याच आकड्यांत बघा, क्लिक 3000 झाले पण कन्व्हर्जन 3 वरून 1.8 वर आला तर खरेद्या 54, आणि क्लिकचा खर्च दीडपट. म्हणून एकटा क्लिक थ्रू रेट बघून जाहिरात निवडूच नये, दोन्हींचा गुणाकार बघावा आणि एका खरेदीमागे किती खर्च पडला तेही.

पाऊलवाट: समजलं. पण आमच्या साइटचा रिपोर्ट कन्व्हर्जन 3.5 दाखवतो आणि जाहिरातीचा 3, खरेद्या दोन्हीकडे 60 च.

शिंपला: भागाकार वेगळ्या आकड्याने होत असणार. 2000 क्लिकपैकी पेज उघडायच्या आधीच काही लोक मागे फिरतात, साइट त्यांना मोजतच नाही. 60 भागिले साधारण 1700 केलं की 3.5 येतात.

मेघना: मग खरा रेट कुठला म्हणायचा?

निरंजन_१: मी क्लिकवरचा धरतो कारण पैसे क्लिकचे जातात. पेज सुधारणारे लोक दुसरा धरतील आणि त्यांचंही चूक नाही. फक्त क्लिक थ्रू रेटला साइटवाल्या 3.5 ने गुणू नका, 70 खरेद्या येतील आणि झाल्यात 60.