प्रतिसाद: साक्षीवर सही करण्याआधी

"टाईप झालेली साक्ष सहीच्या वेळी बदलता येते का?"

टायपिंगची चूक असेल तर येते, दिलेलं उत्तर मात्र फिरवता येत नाही. मी एका मारामारीच्या केसमधे साक्षीदार होतो, उलटतपासात वकील म्हणाले तुम्ही तिथे नव्हताच, मी म्हटलं खोटं आहे, आणि वाचायला घेतलं तर "मी घटनास्थळी हजर नव्हतो हे म्हणणे खरे आहे"! "खरे नाही" मधल्या "नाही"च्या जागी "आहे", सगळी साक्ष उलटी. लगेच न्यायाधीश साहेबांना सांगितलं, त्यांना आठवत होतं म्हणून दुरुस्त करून त्यांनी बाजूला छोटी सही केली. त्यांना पटलं नसतं तर मजकूर तसाच ठेवून माझा आक्षेप खाली नोंदवू शकले असते, फौजदारीत तशी तरतूद आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसचं कलम ३१३, जुन्या सीआरपीसीचं २७८). त्यामुळे "खरे आहे की/नाही की" वाली वाक्यं बोट ठेवून वाचा, स्टेनो घाई करत असला तरी.