मदत हवी आहे: मंजुरीपासूनचा पूर्ण कर्ज खातेउतारा मागणारं पत्र

सोलापुरात एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. यंत्रमागांसाठी २०१९ मध्ये मुदत कर्ज घेतलं. आता फेडून टाकायचं ठरवलं, तर बँकेने सांगितलेली बाकी आमच्या हिशोबापेक्षा बरीच जास्त निघाली. फरक 'इतर आकार' या नावाखाली आहे.

शाखेने फक्त चालू वर्षाचा उतारा दिला. त्यात सुरुवातीच्या बाकीतच जुने आकार मिसळलेले आहेत, त्यामुळे कुठला आकार कधी लावला ते कळत नाही. माझी खरी शंका दंडाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंडात्मक आकार मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. जुन्या कर्जांना हे २०२४ पासून लागू झालं, म्हणून त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या दिसायला हव्यात.

मधल्या काळात बँकेचं विलीनीकरण होऊन खाते क्रमांक बदलला. जुना उतारा 'सिस्टीममध्ये नाही' असं तोंडी सांगतात, लेखी देत नाहीत. मंजुरीपत्र आणि व्याजाचे दाखले माझ्याकडे आहेत. हप्ता एकही थकलेला नाही. वकील एवढ्यात लावायचा नाही, पण ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जाता यावं, असं पत्र हवं.

मसुद्यात दोन्ही खाते क्रमांक, पहिल्या वितरणापासूनची प्रत्येक नावे नोंद तिच्या कारणासह आणि व्याजदर बदलाच्या तारखा मागितल्या आहेत. विलीनीकरणाआधीचा उतारा ज्यांनी मिळवला, त्यांनी पत्रात नेमका काय शब्दप्रयोग केला होता? आणि ते शाखेत पोच घेऊन दिलं, की थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे?