ढेरी: तुमचे अनुभव सांगा

सेलूकर: भाच्याच्या लग्नासाठी सफारी शिवायला काल परभणीत टेलरकडे गेलो. त्यानं टेप बेंबीवरून फिरवला अन् पोराला म्हणला, "लिही, 41." मी म्हणलं, माझी पँट तर 36 ची! तर हसून म्हणतो, "भाऊ, तुम्ही पँट ढेरीच्या खाली बांधता." एकदम वडिलांचा पट्टा आठवला. मोच्याकडून आरीनं भोक पाडून आणायचे, अन् आम्ही पोरं भोकं मोजून हसायचो. आता 47 चा झालो, फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो. तुमचंही सांगा.

गेवराईचा_पाटील: खात्यापित्या घरचं लक्षण आहे, लाजता कामून? 😄

अंबाजोगाईची_माय: आमच्या ह्यांनी गंगाखेडला गोदावरीत बनियन घालून डुबकी मारली. 20 वर्षांपूर्वी हेच उघड्या अंगानं पुलावरून उड्या मारायचे. मी काही बोलले नाही.

रिटायर्ड_सिस्टर: पँटच्या नंबरावर जाऊ नका, तो सगळ्यांनाच फसवतो. शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड, ह्यांच्या मधोमध टेप धरा. कपड्यावरून नको. श्वास सोडल्यावर मोजा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या वर गेलं की सावध. आणि ढेरी दगडासारखी घट्ट आहे म्हणून खूश होणारे लई पाहिले. चिमटीत येते ती चरबी कातडीखालची. घट्ट ढेरीत ती आत आतड्यांभोवती बसलेली असते, शुगर-बीपीला जास्त नडते ती हीच.

जिमवाला_नांदेड: रोज 100 सिटअप मारा, महिन्यात सपाट. मी रोज मारतो.

रिटायर्ड_सिस्टर: स्नायू घट्ट होतील दादा, पण त्याच जागची चरबी वितळत नसते. तुमचं वय किती?

जिमवाला_नांदेड: 26

गेवराईचा_पाटील: 😂😂

उदगीरचा_मास्तर: माझं वजन 64, हातपाय काड्या, दारूला स्पर्श नाही. शाळेत पोरं मागून "गणपती आला" म्हणायची, मीही हसायचो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टर म्हणाले, काट्यावर बारीक, आतून जाड. संध्याकाळचा चिवडा-शेव सोडला, रात्रीचं जेवण आठच्या आत, रोज 40 मिनिटं चालणं. वर्षात वजन फक्त 3 किलो उतरलं, पण कंबर 37 ची 35 झाली. काटाच बघत बसलो असतो तर दुसऱ्या महिन्यात सोडून दिलं असतं. पोरं अजून गणपतीच म्हणतात.

बीडची_वहिनी: जेवल्यावर माझं पोट ढोलासारखं फुगतं, ओवा घेऊ का?

रिटायर्ड_सिस्टर: ताई, तो गॅस. सकाळी उतरतं ना? ढेरी रात्रीतून उतरत नाही. रोजच फुगत असेल तर मात्र दाखवून घ्या.

अंबाजोगाईची_माय: सिस्टर, ह्यांना टेप लावू कसा? नुसतं नाव काढलं तरी चिडतात.

सेलूकर: मी आत्ता मोजलं, 39 भरलं. बायको म्हणते श्वास धरला होता. परत मोजतो.

गेवराईचा_पाटील: ते राहू द्या, टेलर परभणीत कुठं आहे? मलाही सफारी शिवायचाय.