मदत हवी आहे : २३ दिवसांच्या गैरहजेरीबद्दल वर्गशिक्षिकांना पत्र, आणि बुडालेल्या नोट्स नेमक्या कशा मागायच्या?

सातवीची_आई

माझ्या मुलीला ६ जुलैपासून ताप येत होता. तीन दिवस घरीच औषध दिलं. ताप उतरायचा आणि रात्री पुन्हा चढायचा. ९ तारखेला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. पाच दिवस दवाखान्यात काढले आणि मग घरी विश्रांती. आता ३ ऑगस्टपासून शाळेत पाठवायला डॉक्टरांनी हो म्हटलंय. शाळेचे २३ दिवस बुडाले. सुरुवातीला बाईंना फोनवर कळवलं होतं, पण लेखी काहीच दिलेलं नाही. बाईंनी आता पत्र आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायला सांगितलंय. १७ ऑगस्टला घटक चाचणी आहे.

मी लिहिलेला मसुदा असा :

"विषय : आजारपणाची रजा मंजूर होणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी दि. ६ जुलै ते १ ऑगस्ट या काळात आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकले नाही. तरी माझी रजा मंजूर करावी व बुडालेल्या सर्व विषयांच्या नोट्स देण्याची कृपा करावी. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

दोन अडचणी आहेत. प्रमाणपत्रावर आजारपण ९ जुलैपासून लिहिलंय, गैरहजेरी मात्र ६ पासूनची आहे. दुसरं म्हणजे, "सर्व नोट्स द्या" हे वाचून बाईंना वैताग येईल असं मलाच वाटतंय. पण वेगळं कसं लिहायचं तेही सुचत नाही.

कागद_पक्का

ताई, पत्र मुख्याध्यापकांच्या नावे हवं. वर्गशिक्षकांना रजा मंजूर करण्याचा अधिकार नसतो. सोबत रक्ताचे सगळे रिपोर्ट, दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या जोडा, म्हणजे कोणी शंका काढणार नाही. आणि डॉक्टरांना सांगून प्रमाणपत्रावर ६ तारीख करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

निळी_शाई

रजा वाढवून हवी असेल तर "आणखी आठ दिवसांची रजा मिळावी" असं स्पष्ट लिहा. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही मुदतच लिहिली नव्हती, मग पुन्हा अर्ज करावा लागला होता.

सातवीची_आई

@निळी_शाई, रजा वाढवायची नाहीये. ती सोमवारपासून जाणार आहे. झालेल्या गैरहजेरीचं पत्र हवंय.

फळा_आणि_खडू

मी एकोणीस वर्षं वर्गशिक्षिका आहे. अशी पत्रं दरवर्षी हातात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. डॉक्टरांना तारीख मागे न्यायला सांगू नका. त्यांनी मुलीला ९ तारखेला पहिल्यांदा तपासलं, त्यामुळे त्याआधीचं ते लिहून देऊ शकत नाहीत आणि त्यांनी देऊही नये. ६ ते ८ हे तीन दिवस तुम्ही पालक म्हणून तुमच्या शब्दांत सांगा : "पहिले तीन दिवस घरीच उपचार केले." एवढ्याने पत्र आणि प्रमाणपत्र जुळतं. खटकतं केव्हा, तर पत्रात ६ असतं, प्रमाणपत्रात ९ असतं आणि मधल्या दिवसांबद्दल एक अक्षर नसतं तेव्हा. प्रमाणपत्रात "शाळेत जाण्यास योग्य" असं वाक्य आणि त्याची तारीख आहे का तेही बघा. बऱ्याचदा आजार लिहिलेला असतो आणि हे राहून जातं, मग पालकांना पुन्हा हेलपाटा पडतो.

मुख्याध्यापकांबद्दल कागद_पक्का म्हणतात ते काही शाळांत खरं आहे. तिथे मोठी गैरहजेरी वर्गशिक्षकांमार्फत वर जाते. पण तुमच्या बाईंनी स्वतः पत्र मागितलंय, तर त्यांच्याच नावे द्या आणि "मुख्याध्यापकांना वेगळी प्रत हवी असल्यास देते" असं तोंडी विचारा. बिलं मात्र जोडू नका. शाळेला त्यांचं काहीच काम नसतं.

तुमच्या मसुद्यात मला खटकलं ते वेगळंच. पत्र मुलीच्या तोंडचं आहे. "मी येऊ शकले नाही, आज्ञाधारक विद्यार्थिनी" हे पेपरातल्या पत्रलेखनाच्या प्रश्नाला शोभतं. सातवीतल्या मुलीच्या गैरहजेरीचं कारण पालकांनी सांगायचं असतं, सही त्यांची लागते. शिवाय "रजा मंजूर करावी" कशाला? दिवस तर होऊन गेलेत. हजेरीपटावर ते गैरहजर म्हणूनच राहतात, पत्राने फक्त त्याचं कारण नोंदलं जातं. म्हणून "गैरहजेरीचे कारण कळवण्याबाबत" असा विषय लिहा.

आता नोट्स. पालकांना वाटतं, बाईंच्या कपाटात नोट्सचा गठ्ठा असतो आणि मागितला की मिळतो. तसं काही नसतं. फळ्यावर जे लिहिलं ते मुलांच्या वह्यांत असतं. माझ्याकडे असतं माझं टाचण : कोणत्या दिवशी कोणता पाठ, कुठपर्यंत झाला. तेही फक्त माझ्या विषयांचं. मी मराठी आणि इतिहास शिकवते, म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजीसाठी मला दुसऱ्या शिक्षकांकडे जावं लागतं. "सर्व नोट्स द्या" असं पत्र आलं की ते माझ्या वहीत तसंच पडून राहतं. मन नसतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची हेच त्यात नसतं. तेच कोणी विचारलं की "६ जुलैपासून प्रत्येक विषयात कुठून कुठपर्यंत झालं आणि त्यातलं चाचणीला काय आहे", तर मधल्या सुट्टीत मी ते कागदावर लिहून देते.

वह्या मागायच्या त्या मुलांकडून, पण बाईंना मध्ये घेऊन. कोणाची वही पूर्ण आणि वाचता येण्याजोगी आहे हे आम्हाला वह्या तपासताना कळलेलं असतं. शनिवारी घेऊन सोमवारी परत करायची, म्हणजे त्या मुलाचंही अडत नाही.

वळणवाट

आमच्या मुलाचा पाय मोडला होता तेव्हा महिनाभर शाळा बुडाली. मी पत्रबित्र काही दिलं नाही, त्याच्या मित्राच्या आईला वह्यांचे फोटो पाठवायला सांगितलं. त्यांनी बिचारीने १४० फोटो पाठवले. तारीख नाही, क्रम नाही, विज्ञानाच्या मध्येच भूगोल. अर्ध्या पानांवर हाताची सावली. दोन रविवार लावण्यातच गेले आणि शेवटी कळलं की गणिताचा एक अख्खा पाठ त्यात नव्हताच. आधी पाठांची यादी असती तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. मित्राच्या आईला दोष नाही, मीच नीट मागितलं नाही.

सातवीची_आई

बाई, खूप मदत झाली. अजून एक विचारते. वह्या मिळाल्या तरी ती इतकं लिहू शकणार नाही. अर्धा तास लिहिलं की हात गळून जातो म्हणते. मी तिच्या वहीत उतरवून दिलं तर चालेल का? आणि पत्रात टायफॉइड असा शब्द लिहावा का? मुलं तिच्याजवळ बसणार नाहीत अशी भीती वाटते.

फळा_आणि_खडू

तुम्ही उतरवून वही भरेल, पण मुलीच्या डोक्यात काही जाणार नाही, आणि अक्षर आम्हाला लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा पत्रात सरळ विचारा की भाषा, इतिहास, भूगोल यांची पानं झेरॉक्स काढून वहीत चिकटवली तर चालतील का. मी तरी हो म्हणते. माझे एक सहकारी म्हणत नाहीत, त्यांच्या मते हाताने लिहिलं तरच लक्षात राहतं. म्हणून आधी विचारलेलं बरं.

गणित मात्र चिकटवून भागत नाही. पूर्णांक संख्यांच्या गुणाकार-भागाकारात चिन्हांचा गोंधळ राहिला तर पुढे समीकरणं सोडवताना मूल दर वेळी तिथेच अडतं, आणि आपल्याला वाटतं की समीकरणंच कळली नाहीत. उतरवण्यापेक्षा प्रत्येक पाठातली चार-पाच उदाहरणं तिने स्वतः सोडवावीत. अडेल त्यावर खूण करून गणिताच्या शिक्षकांना दाखवावं. त्यासाठी पंधरा मिनिटं मागा. "शिकवणी घ्या" असा सूर मात्र येऊ देऊ नका.

आजाराच्या नावाचं तुम्ही ठरवा. प्रमाणपत्रावर ते असणारच, पत्रात "दीर्घकाळ ताप" एवढं लिहिलं तरी चालतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, इथे माझं मत थोडं वेगळं आहे. बाईंना नाव सांगा. टायफॉइड शेजारी बसल्याने होत नाही, दूषित अन्नपाण्यातून होतो, हे बाईंना माहीत असलं तर वर्गात कुणी काही बोललं तेव्हा त्या लगेच सावरू शकतील. नाव लपवलं की कुजबुज जास्त होते. ताप गेल्यावरही काही आठवडे थकवा राहू शकतो, खेळाच्या तासाला तिला बसू द्यायला सांगा. डबा आणि पाण्याची बाटली तिची वेगळी ठेवा, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायला लावा. आणि ताप पुन्हा आला तर थांबू नका, टायफॉइड उलटू शकतो. बाईंकडे तुमचा नंबर असू द्या.

फळा_आणि_खडू

हेही पटतंय. मग "वर्गात जाहीर करू नये" एवढी विनंती घाला. मी पत्र असं लिहिलं असतं :

"प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी.

विषय : (मुलीचे नाव, हजेरी क्रमांक) हिच्या गैरहजेरीचे कारण कळवण्याबाबत व राहिलेल्या अभ्यासाबाबत.

महोदया,

माझी मुलगी ६ जुलै ते १ ऑगस्ट या काळात टायफॉइडमुळे शाळेत येऊ शकली नाही. पहिले तीन दिवस आम्ही घरीच उपचार केले. ९ जुलैपासूनचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ३ ऑगस्टपासून शाळेत जाण्यास डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. तिला अजून थकवा आहे, तरी काही दिवस खेळाच्या तासाला बसण्याची मुभा द्यावी. आजाराचे नाव वर्गात जाहीर करू नये, ही विनंती.

या काळात प्रत्येक विषयात कुठून कुठपर्यंत शिकवून झाले आणि त्यातले १७ ऑगस्टच्या चाचणीला काय आहे, एवढे कळवल्यास आम्ही अभ्यासाचा क्रम लावू. ज्यांच्या वह्या पूर्ण आहेत अशा एक-दोन विद्यार्थ्यांची नावे सुचवावीत. त्यांच्या पालकांना विचारून शनिवारी वह्या घेऊ व सोमवारी परत करू. भाषा, इतिहास आणि भूगोल यांची पाने झेरॉक्स काढून चिकटवली तर चालतील का, तेही कळवावे. गणितात अडलेली उदाहरणे विचारण्यासाठी शिक्षकांनी सोयीची पंधरा मिनिटे द्यावीत.

आपली, (पालकांचे नाव, सही, फोन)
सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र."

एका पानात बसतं. मूळ प्रमाणपत्र देण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा.

कागद_पक्का

तारखेचं मी चुकीचं सांगितलं, मान्य. पण मुख्याध्यापकांची पोच घ्याच. पुढे हजेरीचा प्रश्न आला तर कागदच कामाला येतो.

सातवीची_आई

आज पत्र दिलं. बाईंनी माझ्यासमोरच वाचलं आणि त्यांच्या दोन विषयांची यादी लगेच पाठीमागे लिहून दिली. बाकीची बुधवारी देणार आहेत. झेरॉक्स भाषेला चालेल म्हणाल्या, इतिहास-भूगोलाच्या सरांना विचारून सांगतील. मुख्याध्यापकांच्या कार्यालयातून प्रतीवर पोचही घेतली.

एक मात्र राहिलं. विज्ञानाचे दोन प्रयोग या दिवसांत झाले. वहीतली आकृती उतरवता येईल, पण प्रयोग तिने पाहिलेलाच नाही. त्यासाठी पुन्हा पत्र द्यावं, की विज्ञानाच्या शिक्षकांना तिनेच जाऊन विचारावं?

वळणवाट

तिलाच विचारू द्या. आमच्याकडे तर सरांनी पुढच्या तुकडीच्या तासाला मुलाला शेजारी उभं करून दाखवला होता.