पट्ट्याच्या वर्णनात ‘लेदर’ हा शब्द कुठे लिहावा?

कृष्णाकाठ (सांगली): दुकानातील पुरुषांचे पट्टे मी ऑनलाइन विक्रीस ठेवतो आहे. पुरवठादाराने तिन्ही प्रकारांपुढे नुसते ‘लेदर बेल्ट’ लिहिले आहे. माझ्या मते त्यांत एक अस्सल चामड्याचा, एक बॉन्डेड आणि एक रेक्झिनचा आहे. परंतु मागील पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने बक्कलापाशी पापुद्रे सुटलेला पट्टा परत आणला, तेव्हापासून अंदाजाने काही लिहिण्याची माझी तयारी नाही. खात्री कशी करावी?

मिरजकर: कडेचा लहान तुकडा जाळून पाहा. जळक्या केसांसारखा वास आला, तर चामडे अस्सल समजावे.

सातारचा कारागीर: या कसोटीने रेक्झिन ओळखता येते, बॉन्डेड मात्र निसटते. चामड्याचा भुसा चिकटद्रव्यात कालवून, दाबून ते बनवतात, म्हणून त्यालाही केसांचा वास येतो. प्रत्येक प्रकारातील एक पट्टा नमुन्यासाठी खर्ची घाला आणि शेवटच्या भोकापलीकडचे टोक आडवे कापा, म्हणजे कडेच्या रंगाखाली दडलेले दिसेल. अस्सल चामड्यात तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, वरच्या बाजूला दाट आणि खाली सैल. बॉन्डेडचा गाभा पुठ्ठ्यासारखा एकजिनसी असतो व नखाने खरवडल्यास त्याचा चुरा पडतो. रेक्झिनमध्ये बहुधा कापडाची वीण दिसते. पाठ मायक्रोफायबरची असेल तर तीही तंतुमय दिसते, तेव्हा मिरजकरांची कसोटी कामी येते. दोन पातळ चामड्यांमध्ये पुठ्ठा भरलेले पट्टेही मी पाहिले आहेत. तसे आढळल्यास तेही लिहा.

वाईची सून: माझ्या यजमानांच्या पाकिटावर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. खोबरेल तेल लावावे का?

सातारचा कारागीर: ताई, आधी कोरड्या फडक्याने बुरशी घराबाहेर पुसा आणि पाकीट सावलीत, वाऱ्यावर वाळवा, कडक उन्हात चामडे ताठरते आणि तडकते. खोबरेलाने ते काळवंडते. चामड्यासाठीचे क्रीम वर्षातून एकदोनदा अगदी थोडे लावणे पुरेसे आहे. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात ठेवा. बॉन्डेड किंवा रेक्झिनला तेल लावून उपयोग नाही, कारण वरच्या प्लास्टिकच्या थरातून ते आत मुरत नाही.

कृष्णाकाठ: तिन्ही टोके कापली आणि माझा अंदाज खरा ठरला. दुसऱ्या पट्ट्यासाठी असे लिहिले आहे: “बॉन्डेड लेदर. चामड्याचा भुसा दाबून बनवलेला, वर प्लास्टिकचा थर. रोज वापरल्यास भोकांपाशी पापुद्रे सुटू शकतात आणि ते तेलाने वा पॉलिशने भरून येत नाहीत. ओला झाल्यास पुसून सावलीत वाळवावा.” परंतु पहिल्या पट्ट्यात तंतू वरपर्यंत सैलच आहेत आणि वर चकचकीत थर आहे.

सातारचा कारागीर: मग ते कातड्याच्या खालच्या पदराचे चामडे आहे, ज्याला आम्ही स्प्लिट म्हणतो. मी त्याला नुसते ‘अस्सल’ म्हणणार नाही.

मिरजकर: जनावराचेच कातडे असताना अस्सल का म्हणू नये?

सातारचा कारागीर: म्हणा, पण त्याच ओळीत ‘खालचा पदर, वर थर दिलेला’ हेही लिहा. वरच्या पदराइतका तो टिकत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते टिकण्यासाठी.