मदत हवी आहे: जर्नलमधील डायोडच्या आलेखात रिव्हर्स बायसची रेषा तिरकी आणि सरळ का येते?

मांजराकाठ

नमस्कार. मी अंबाजोगाई परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. सध्या बारावीची जर्नले तपासते आहे आणि डायोडच्या प्रयोगापाशी अडले आहे.

डायोड ४००७ क्रमांकाचा, म्हणजे सिलिकॉनचा आहे. फॉरवर्ड बायसच्या आलेखाबद्दल माझी तक्रार नाही: ०.५६ व्होल्टला साधारण १ मिलिअँपिअर, ०.६६ ला १० आणि ०.७० ला २४, अशी वक्ररेषा येते आणि तिचा गुडघा जिथे अपेक्षित आहे तिथेच दिसतो. अडचण तिसऱ्या चरणात आहे. एका विद्यार्थिनीची नोंद अशी आहे: २ व्होल्टला १० मायक्रोअँपिअर, ४ ला २०, ६ ला ३१, ८ ला ४० आणि १० ला ५०. तिने हे बिंदू जोडून आरंभबिंदूतून जाणारी नीटनेटकी सरळ रेषा काढली आहे. पुस्तकातल्या आकृतीत मात्र ती रेषा अक्षाला जवळजवळ समांतर असते.

तिने आकडे मनाने लिहिले असते तर ते पुस्तकासारखे आले असते, म्हणून ही वाचने खरी आहेत असे मला वाटते. शिवाय त्याच टेबलावरच्या चारही मुलांची रेषा अशीच आहे. या आलेखावर सही करावी, की प्रयोग पुन्हा करायला सांगावे?

बालाघाट

ताई, यात चूक काही नाही. रिव्हर्स करंट तापमानावर अवलंबून असतो; दर १० अंशांना तो ढोबळमानाने दुप्पट होतो. आपल्याकडच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत दुपारी किती तापते हे आपण जाणताच. शिवाय या डायोडच्या माहितीपत्रकातही ५ मायक्रोअँपिअरपर्यंत रिव्हर्स करंट दिलेला आहे. तापलेल्या खोलीत त्याचे ५० झाले तर नवल वाटू नये. खुशाल सही करावी.

लातूरची_बारावी

मॅडम, माझाही आलेख चुकला आहे, पण तो हाफ वेव्ह रेक्टिफायरचा आहे. सीआरओवर मला आऊटपुटचा काही भाग शून्य रेषेच्या खाली दिसला आणि मी तो तसाच वहीत काढला. सरांनी त्यावर लाल फुली मारली. डायोड खराब असेल का?

सोल्डरगन

मी छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो.

आधी लातूरच्या मुलासाठी: सीआरओच्या इनपुटचा खटका एसीवर आहे का ते पाहा. त्या स्थितीत तरंगाची सरासरी वजा होते, त्यामुळे संपूर्ण आकृती खाली सरकते आणि सपाट भाग शून्याखाली जातो. खटका डीसीवर घेऊन पुन्हा पाहा. बाकीचे वेगळ्या धाग्यात विचारा, म्हणजे इथला विषय भरकटणार नाही.

आता मूळ प्रश्न. बालाघाट यांचे तापमानाबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण ते इथे लागू पडत नाही. माहितीपत्रकातले ५ मायक्रोअँपिअर ही कमाल मर्यादा आहे आणि तीही १००० व्होल्टला. साध्या खोलीत १० व्होल्टला चांगल्या ४००७ मधून जाणारा करंट नॅनोअँपिअरच्या घरात असतो, आणि उकाड्याने तो चार-आठ पट झाला तरी मायक्रोअॅमीटरचा काटा हलणार नाही. दुसरे असे की, उष्णतेने करंट वाढला तर रेषा अक्षापासून दूर जाईल, परंतु ती व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत जाणार नाही. जर्मेनियमच्या डायोडला मायक्रोअँपिअरमध्ये करंट येतो खरा, पण मग फॉरवर्डचा गुडघा ०.६ जवळ न येता ०.२ ते ०.३ व्होल्टला आला असता.

आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा म्हणजे रोध. १० व्होल्टला ५० मायक्रोअँपिअर म्हणजे २ लाख ओहम. २ व्होल्टला १० मायक्रोअँपिअर म्हणजेही २ लाख ओहम. या मुलांनी डायोड मोजलेला नाही, २ लाख ओहमचे काहीतरी मोजले आहे. मांजराकाठ, व्होल्टमीटर म्हणून काय वापरले होते आणि ते नेमके कुठे जोडले होते?

मांजराकाठ

काट्याचा जुना मल्टिमीटर, १० व्होल्टच्या रेंजवर. त्याच्या तबकडीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "२०,००० ओहम प्रति व्होल्ट" असे छापलेले आहे. तो थेट डायोडच्या दोन टोकांना जोडला होता, जसा फॉरवर्डमध्ये जोडतो तसाच. मुलांनी फक्त डायोड उलटा केला.

सोल्डरगन

मग उत्तर तुमच्या तबकडीवरच आहे. २०,००० गुणिले १० म्हणजे २ लाख ओहम. मायक्रोअॅमीटरमधून येणाऱ्या करंटला पुढे दोन वाटा आहेत, डायोडची आणि व्होल्टमीटरची. डायोडची वाट जवळजवळ बंद असल्यामुळे सगळा करंट व्होल्टमीटरमधून जातो आणि मुलांनी तोच लिहून काढला.

खात्री करायला एक मिनिट पुरेल. १० व्होल्टवर वाचन घेत असतानाच डायोडची एक तार सोडवा. काटा ५० वरच राहिला, तर डायोडचा त्या करंटशी संबंध नाही.

रिव्हर्सचे वाचन घेताना व्होल्टमीटरचे टोक मायक्रोअॅमीटरच्या पलीकडे, सप्लायच्या बाजूला घ्यावे. तेव्हा व्होल्टमीटरचा करंट मायक्रोअॅमीटरमधून जातच नाही. व्होल्टमीटर आता मायक्रोअॅमीटरवरचे व्होल्टेजही मोजतो, पण इतक्या क्षुल्लक करंटला ते नगण्य असते. फॉरवर्डमध्ये मात्र हा बदल मुळीच करू नये. मिलिअॅमीटरचा रोध समजा ५ ओहम असेल, तर २० मिलिअँपिअरला त्यावरच ०.१ व्होल्ट पडतो आणि सगळा गुडघा उजवीकडे सरकतो. तिथे व्होल्टमीटर डायोडवरच हवा. तो खातो त्या थोड्या मायक्रोअँपिअरने मिलिअँपिअरच्या वाचनात फरक पडत नाही.

गोदाकाठ

मी नांदेडला बरीच वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. दर वर्षी ही सरळ रेषा यायची आणि दर वर्षी मुले ती खोडरबराने पुसून पुस्तकातली आडवी रेषा काढायची. ज्या मुलीने ती पुसली नाही, तिचे मला फार कौतुक वाटते. एक सूचना करतो: डायोडची तार सोडवण्याचे काम त्या मुलीच्याच हातून करवून घ्या.

मांजराकाठ

आज दुपारी तसेच केले. तिने डायोडचे पट्टा असलेले टोक क्लिपमधून सोडवले आणि आम्ही पाचही जणी-जण तबकडीवर वाकून पाहत होतो. काटा ५० वरून तसूभरही हलला नाही. मग व्होल्टमीटरचे टोक सप्लायकडे घेतले. काटा शून्यावर आला आणि १० व्होल्टपर्यंत तिथेच राहिला.

आता नवी अडचण. मायक्रोअॅमीटरचा एक भाग २ मायक्रोअँपिअरचा आहे आणि पाचही वाचने शून्य आहेत. मग तिसऱ्या चरणात काढायचे तरी काय?

सोल्डरगन

अक्षावरच रेषा काढावी आणि शेजारी "करंट उपकरणाच्या एका भागापेक्षा कमी" असे लिहावे. त्या मीटरने एवढेच सांगता येते.

गोदाकाठ

सरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला निरीक्षण तक्त्यात पाच शून्ये दिसली, तर प्रयोग केलाच नाही असे त्याला वाटू शकते. माझ्या मते रिव्हर्ससाठी एखादा जर्मेनियम डायोड मिळवून द्यावा, म्हणजे काटा हलेल आणि रेषा सपाट होतानाही दिसेल.

सोल्डरगन

तसे केल्यास एकाच आलेखावर दोन वेगळे डायोड येतील, ते मला मान्य नाही. जर्मेनियम घ्यायचा तर फॉरवर्डही त्याचाच घ्यावा.

मांजराकाठ

तूर्त जुना तक्ता न खोडता त्याच्यावर "व्होल्टमीटर डायोडच्या टोकांना" असे आणि नव्या तक्त्यावर "व्होल्टमीटर सप्लायच्या बाजूला" असे लिहायला सांगितले आहे. दोन्ही रेषा एकाच आलेख कागदावर राहतील. जर्मेनियम डायोड इथल्या दुकानात मिळाला नाही. परळीत किंवा लातुरात कुणी पाहिला असेल तर कृपया कळवावे.