मदत हवी आहे: घरभाडे भत्त्याची करमाफी ऑफिसने कमी धरली आहे का?

निळी_छत्री
फॉर्म १६ हातात आला आणि डोकं फिरलं. आर्थिक वर्ष २०२४-२५. बेसिक महिना ५०,०००, एचआरए महिना २५,०००. वर्षभरात ३ लाख भाडं भरलंय, सगळं बँकेतून. माझ्या हिशेबाने ३,००,००० वजा पगाराचे १० टक्के ६०,०००, म्हणजे २,४०,००० माफ व्हायला हवेत. ऑफिसने १,९८,००० धरलेत. पेरोलवाले म्हणतात "सिस्टिमने काढलंय". थेट ४२,००० चा फरक आहे. रिटर्न भरताना मी २,४०,००० टाकू का? कृपया लवकर सांगा, या आठवड्यात भरून मोकळं व्हायचंय.

खोपटकर
२,४०,००० बिनधास्त टाका. तीन आकडे काढायचे: मिळालेला एचआरए, भाडं वजा १० टक्के, आणि बेसिकच्या ५० टक्के. त्यात सगळ्यात लहान तो माफ. तुमचे ३,००,०००, २,४०,००० आणि ३,००,०००. उत्तर समोर आहे.

जमाखर्च
थांबा, इतकी घाई नको. ५० टक्के कुठल्या शहराचे धरले? घर कुठे आहे तेच धाग्यात नाही. शिवाय महागाई भत्ता मिळतो का? वर्षभर भाडं एकच होतं का? घर बदललं का? ही उत्तरं आल्याशिवाय आकडा सांगणं चुकीचं.

निळी_छत्री
महागाई भत्ता नाही, खासगी कंपनी आहे. बेसिक वर्षभर तेच. आधी ठाण्यात होतो, घोडबंदर रोडला. १ ऑक्टोबरपासून मुलुंडला. ऑफिस अंधेरीला. त्याने काय फरक पडतो? भाडं तर मीच भरलंय.

खोपटकर
ठाणे काय, मुलुंड काय, सगळं मुंबई महानगर प्रदेशातच. ऑफिस अंधेरीला आहे म्हणजे ५० टक्केच.

जमाखर्च
खोपटकर, सूत्र तुम्ही बरोबर सांगितलंत, पण शहराबाबत चुकताय. नियम २ए मध्ये घर कुठे आहे ते पाहिलं जातं, ऑफिस कुठे ते नाही. २०२४-२५ साठी ५० टक्क्यांच्या यादीत तिथे चारच नावं आहेत: मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई (नियमात बॉम्बे, कलकत्ता, मद्रास अशी जुनी नावंच आहेत). महानगर प्रदेश हा शब्द तिथे नाही. ठाण्याची महापालिका वेगळी, म्हणून तिथे ४० टक्के. मुलुंड मुंबई महापालिकेत येतं, म्हणून ५०. चेकनाका ओलांडला की टक्का बदलतो.

निळी_छत्री, दोन्ही घरांचं महिन्याचं भाडं वेगवेगळं सांगा. एकत्र ३ लाख सांगून हिशेब होणार नाही.

निळी_छत्री
ठाण्याला १८,०००. मुलुंडला ३२,०००. सहा-सहा महिने. बेरीज ३ लाखच होते.

पार्ल्याची_माई
मी आईच्या नावावरच्या घरात राहते आणि तिला दरमहा भाडं देते. मला ही सूट मिळेल का?

जमाखर्च
माई, मिळते. पण भाडं खरोखर आईच्या खात्यात जायला हवं, आणि आईने ते स्वतःच्या रिटर्नमध्ये घराचं उत्पन्न म्हणून दाखवायला हवं. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर ऑफिसला आईचा पॅन द्यावा लागतो, आणि पॅन दिला की आईच्या रिटर्नशी ताळा बसणं आलंच. बाकी वेगळ्या धाग्यात बोलू, इथे गुंता होईल.

आता मूळ प्रश्न. ही सूट वर्षाच्या एकगठ्ठा आकड्यावर काढायची नसते. ज्या काळात ज्या घरात राहिलात, त्या काळाचा हिशेब वेगळा मांडायचा. भाडं, बेसिक, एचआरए किंवा शहर यातलं काहीही बदललं की तिथून नवा हिशेब सुरू होतो.

एप्रिल ते सप्टेंबर, ठाणे. मिळालेला एचआरए २५,०००. भाडं वजा १० टक्के म्हणजे १८,००० वजा ५,०००, १३,०००. बेसिकच्या ४० टक्के २०,०००. सगळ्यात लहान १३,०००. सहा महिन्यांचे ७८,०००.

ऑक्टोबर ते मार्च, मुलुंड. मिळालेला एचआरए २५,०००. भाडं वजा १० टक्के २७,०००. बेसिकच्या ५० टक्के २५,०००. सगळ्यात लहान २५,०००. सहा महिन्यांचे १,५०,०००.

एकूण २,२८,०००. ऑफिसचा आकडाही चूक, तुमचाही चूक.

निळी_छत्री
माझा कसा चुकला? भाडं तेवढंच, १० टक्के तेवढेच. १२,००० गेले कुठे?

जमाखर्च
मुलुंडच्या सहा महिन्यांत भाडं वजा १० टक्के २७,००० येतं, पण एचआरए मिळतो २५,०००. दर महिन्याचे २,००० वर राहतात, सहा महिन्यांचे १२,०००. ते वाया जातात. वर्षाची बेरीज केलीत की हेच १२,००० ठाण्याच्या महिन्यांत जाऊन बसतात, कारण तिथे एचआरएची जागा रिकामी होती. एका काळातलं जास्तीचं भाडं दुसऱ्या काळातली तूट भरून काढत नाही.

ऑफिसचे १,९८,००० कसे आले तेही कळतं. त्यांनी मुलुंडच्या महिन्यांनाही ४० टक्के लावले. मग २५,००० ऐवजी २०,००० धरले जातात: ७८,००० अधिक १,२०,०००. बरोबर १,९८,०००. म्हणजे भाडं बदललं ते त्यांच्याकडे पोचलंय, पण शहर "ठाणे"च राहिलंय.

निळी_छत्री
आत्ता पोर्टल उघडून पाहिलं. भाड्याच्या रकान्यात ऑक्टोबरपासून ३२,००० आहे, पण शहराच्या ड्रॉपडाउनमध्ये बाराही महिने "नॉन-मेट्रो". मी भाडं बदललं, शहर बदलायचं राहून गेलं. आता ऑफिसकडून दुरुस्त करून घेऊ?

खोपटकर
अर्थात. सुधारित फॉर्म १६ मागा. कागद जुळल्याशिवाय रिटर्न भरू नका, नाहीतर नोटीस येते.

रात्रपाळी
असहमत. वर्ष संपलंय, शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरून झालंय. नुसत्या सूटीसाठी कंपन्या ते परत उघडत नाहीत, तुमचे दोन महिने मेलामेलीत जातील. जास्तीची सूट रिटर्नमध्ये थेट मागता येते, कापलेला जादा कर परतावा म्हणून येतो. फॉर्म १६ पेक्षा मोठा आकडा टाकणं हा गुन्हा नाही.

खोपटकर
गुन्हा नाही म्हणालो, नोटीस येते म्हणालो. दोन्ही वेगळं.

जमाखर्च
दोघांचं अर्धं-अर्धं धरा. रिटर्नमध्ये मागता येतं. विचारणा होऊ शकते, म्हणून फाइल आधी तयार ठेवा: दोन्ही घरांचे नोंदणी केलेले लिव्ह अँड लायसन्स करार, बाराही महिन्यांच्या बँक नोंदी, दोन्ही घरमालकांचे पॅन. मुलुंडच्या करारावर पत्ता नीट वाचा. मालमत्तेच्या वर्णनात मुंबई महापालिका हद्दीतलं मुलुंड लिहिलेलं असायला हवं. मालकाचा पत्ता ठाण्याचा असला तरी हरकत नाही, पण पाहणाऱ्याची गल्लत तिथेच होते.

सदाफुली
एचआरए मिळत नसेल तर ८०जीजी वापरा, महिना ५,००० पर्यंत वजावट मिळते.

रात्रपाळी
यांना एचआरए मिळतो, त्यामुळे ८०जीजी लागूच नाही. निळी_छत्री, मला दुसरंच विचारायचंय. जुनी पद्धत निवडलीय ना? २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू असते आणि नव्या पद्धतीत एचआरएची सूट शून्य.

निळी_छत्री
ऑफिसला जुनी सांगितली होती. फॉर्म १६ मध्येही तसंच आहे.

रात्रपाळी
एकूण पगार किती? ८०सी भरलंय का? आरोग्य विमा? हे न पाहता एचआरएवर भांडण्यात अर्थ नाही.

निळी_छत्री
एकूण १५,००,०००. ८०सी पूर्ण १,५०,०००, पीएफ धरून. स्वतःचा आरोग्य विमा २५,०००. व्यवसाय कर २,५००. गृहकर्ज नाही. पण माझा प्रश्न एचआरएचा आहे.

रात्रपाळी
तोच सोडवतोय. जुन्या पद्धतीत १५,००,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, एचआरए २,२८,०००, ८०सी १,५०,००० आणि विमा २५,००० वजा करा. उरले १०,४४,५००. त्यावर कर १,२५,८५०, ४ टक्के उपकर धरून १,३०,८८४.

नव्या पद्धतीत फक्त प्रमाणित वजावट ७५,०००. उरले १४,२५,०००. कर १,२५,०००, उपकर धरून बरोबर १,३०,०००.

म्हणजे एचआरए नीट लावूनही जुनी पद्धत ८८४ रुपयांनी महाग. तुमचा २,४०,००० वाला आकडा टाकला असता तर जुन्यात १,२७,१४० आले असते आणि ती स्वस्त वाटली असती. चुकीच्या एचआरएमुळे पद्धतही चुकीची निवडली असती.

निळी_छत्री
मग ऑफिसने १,९८,००० धरून कापलेला कर?

रात्रपाळी
तो १,४०,२४४ येतो. फॉर्म १६ मध्ये एकूण कापणी तेवढीच दिसतेय का पाहा. नवी पद्धत घेतलीत तर १०,२४४ परत, जुनी घेऊन २,२८,००० टाकले तर ९,३६०. पद्धत रिटर्न भरतानाही बदलता येते. पगारदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. मात्र मुदतीत भरायला हवं. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ती १६ सप्टेंबर २०२५. मुदत चुकली की जुनी पद्धत हातची जाते.

खोपटकर
मग सरळ नवी घ्या. करार नको, पॅन नको, विचारणा नको.

जमाखर्च
८८४ रुपयांसाठी इतक्यात ठरवू नका. जुन्या पद्धतीत आणखी एखादी वजावट सापडली तर पारडं लगेच उलटतं. आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता तुम्ही भरता का? ते साठीच्या वर असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ५०,००० पर्यंतची मर्यादा आहे. तुमच्या २५,००० पेक्षा स्वतंत्र.

निळी_छत्री
भरतो. दोघंही साठीच्या पुढे आहेत. ३१,००० गेल्याचं आठवतंय. ऑफिसला ते कधी दाखवलंच नाही, फक्त माझी पॉलिसी दिली होती.

जमाखर्च
मग ते ३१,००० जुन्यात घाला. उत्पन्न १०,१३,५०० वर येतं, कर उपकरासह १,२१,२१२. नव्यापेक्षा ८,७८८ ने कमी. पण हप्ता त्याच वर्षात, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मध्ये गेलेला हवा, आणि रोखीने नको.

खोपटकर
आणि पॉलिसी दोन-तीन वर्षांची एकदम घेतली असेल तर सगळी रक्कम एका वर्षात धरता येत नाही, वर्षांवर विभागून धरावी लागते. हे तरी बरोबर ना?

जमाखर्च
हे बरोबर.

निळी_छत्री
हप्ता एप्रिलमध्ये जातो एवढं नक्की, पण २०२४ चा एप्रिल की २०२५ चा, ते पावतीवर पाहावं लागेल. आधीच्या वर्षीचा हप्ता कमी होता बहुतेक. पासबुक काढतो आणि सांगतो.